चाकोरीखालची माती

उसाचा फड तुटून गेला की रानात दोन गोष्टी मागे राहतात, पाचट आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकोऱ्या. पाचट जाळायचे की कुजवायचे यावर आता गावोगाव वाद होतात. चाकोऱ्यांकडे मात्र कुणी फारसे पाहत नाही. खोडव्याच्या बगला फोडल्या, एक पाणी दिले की त्या बुजून जातात आणि रान पुन्हा सपाट दिसते. पण बुजते ते वरचे वीतभर. त्याखाली चाकाने दाबलेली माती तशीच दाबलेली राहते, आणि पुढचा खोडवा तिच्यावरच वाढतो. ही दाबलेली माती नेमकी किती दाबली गेली, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. पण एका पोलादी कड्याने, सुरीने आणि वजनकाट्याने ते मोजता येते.

जे मोजायचे त्याला मृदाशास्त्रात बल्क डेन्सिटी म्हणतात, मराठी पुस्तकांत ती स्थूल घनता म्हणून भेटते. एक घन सेंटिमीटर जागेत कोरडी माती किती ग्रॅम आहे, एवढाच तिचा अर्थ. मातीचे कण म्हणजे शेवटी दगडाचा भुगा. तो पोकळी न ठेवता भरला, तर एका घन सेंटिमीटरमध्ये साधारण 2.65 ग्रॅम बसतो. शेतातली माती मात्र 1.1 ते 1.7 च्या दरम्यान असते, कारण तिच्यातली जवळजवळ निम्मी जागा रिकामी असते. या रिकाम्या जागेत पाणी आणि हवा राहते. घनता वाढली म्हणजे दगड वाढला असे नाही. रिकामी जागा घटली, एवढेच.

मोजण्याची रीत सोपी आहे, पण तीत घाई चालत नाही. आधी रानात हातभर खोल खड्डा घ्यायचा आणि ज्या थराची माती हवी तिथे सुरीने सपाट बैठक करायची. ऊसशेतीत हा थर बहुधा 15 ते 30 सेंटिमीटर खोलीचा असतो, कारण वरची माती मशागतीत दरवेळी ढिली होते. मग 5 सेंटिमीटर व्यासाचे, 5 सेंटिमीटर उंचीचे, खालच्या कडेला धार असलेले पोलादी कडे त्या बैठकीवर ठेवायचे. त्यावर लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकत कडे आत घालवायचे. जोरात हाणले तर कड्यातली माती ठोकण्यानेच दाबली जाते आणि मोजायला निघालेला माणूस स्वतःचा हातोडा मोजून येतो. म्हणून कडे आत गेल्यावर पाहायचे, आतल्या मातीचा पृष्ठभाग बाहेरच्या मातीच्या पातळीलाच आहे ना? खाली बसला असेल तर तो नमुना टाकून द्यायचा. ठीक असेल तर बाजूने खणून कडे मातीसकट उचलायचे आणि दोन्ही तोंडे सुरीने कापून सपाट करायची.

अशा कड्याचे आतले आकारमान 98 घन सेंटिमीटर भरते. माती डब्यात काढून ओली असताना तोलायची, मग 105 अंश सेल्सिअसच्या भट्टीत चोवीस तास वाळवून पुन्हा तोलायची. ही भट्टी मातीपरीक्षण प्रयोगशाळेत असते. कोरडे वजन भागिले 98, ही स्थूल घनता. आपल्या रानात चुनखडीचे खडे किंवा मुरूम निघतो, तेव्हा खडे वेगळे काढून त्यांचे वजन आणि आकारमान दोन्ही वजा करावे लागते, नाहीतर एखाद्या बोराएवढ्या खड्याने आकडा फुगतो. एका नमुन्यावर विश्वास ठेवू नये. प्रत्येक जागी, प्रत्येक खोलीवर निदान तीन-चार कडी घ्यावीत.

आता एक हिशेब करून पाहू. समजा, काळ्या भारी जमिनीतला खोडवा आहे. पाणी देऊन चार-पाच दिवस झालेत, रान नुकतेच वाफशावर आले आहे. 20 सेंटिमीटर खोलीवर दोन जागी कडी घेतली, एक चाक कधीच न गेलेल्या पट्ट्यात, दुसरे चाकोरीच्या बरोबर खाली. पहिल्या कड्यातली माती वाळल्यावर 122.5 ग्रॅम भरली, दुसऱ्यातली 147 ग्रॅम. म्हणजे घनता 1.25 आणि 1.50. आकडे जवळजवळचे वाटतात. 1.25 ला 2.65 ने भागले की कळते, मातीचे कण 47 टक्के जागा व्यापतात, म्हणजे पोकळी सुमारे 53 टक्के. चाकोरीखाली हीच पोकळी 43 टक्के उरते. सुमारे पाचवा हिस्सा गेला. नुकसान आहे, पण पीक आडवे करण्याइतके वाटत नाही.

खरा प्रश्न पुढे आहे. पहिल्या कड्यातून वाळताना 35 ग्रॅम पाणी उडाले, दुसऱ्यातून 37. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक घन सेंटिमीटर. म्हणून 98 पैकी 35, म्हणजे पहिल्या जागी जवळपास 36 टक्के जागा पाण्याने भरली होती, दुसरीकडे 38 टक्के. पोकळीतून पाणी वजा केले की हवा उरते. मोकळ्या मातीत हवेसाठी 17 टक्के जागा आहे, चाकोरीखाली साडेपाच टक्के. पोकळीचा पाचवा हिस्सा गेला, पण हवेचा दोन-तृतीयांश गेला. मुळांना नीट श्वास घेण्यासाठी मातीच्या आकारमानाच्या निदान 10 टक्के जागेत हवा हवी, असा शास्त्रात सर्वसाधारण अंदाज धरतात. मोकळी माती त्या रेषेच्या बरीच वर आहे, दाबलेली खाली. आणि गंमत अशी की दाबलेल्या मातीत पाणी किंचित जास्तच निघाले. मूठ भरून पाहणारा शेतकरी म्हणेल, इथे ओल छान टिकून आहे.

असे का होते? मातीतली पोकळी सगळी एकसारखी नसते. एक पोकळी मोठी असते, ढेकळांच्या मधली, गांडुळांनी आणि जुन्या मुळांनी केलेली. साधारण 0.05 मिलिमीटरपेक्षा रुंद अशा या वाटांतून पाणी स्वतःच्या वजनाने खाली उतरते आणि मागोमाग हवा आत येते. दुसरी पोकळी बारीक, ढेकळाच्या पोटातली. ती पाणी धरून ठेवते. चाकाचा भार आला की आधी मोडतात त्या मोठ्या वाटा, कारण त्यांनाच आतून आधार नसतो. बारीक छिद्रे जवळजवळ शाबूत राहतात, उलट मोठ्या वाटा चेंगरून आणखी बारीक छिद्रे तयार होतात. म्हणून दाब पडलेली माती पाणी धरते आणि हवा सोडते.

निचऱ्याचे गणित तर याहून कठोर आहे. नळीतून पाणी किती वाहील, हे तिच्या रुंदीवर सरळ प्रमाणात नव्हे, रुंदीच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधले पॉइजॉय आणि जर्मनीतले हागेन यांनी हा नियम प्रयोगाने दाखवला. नळीची रुंदी निम्मी झाली, तर तिच्यातून जाणारे पाणी सोळाव्या हिश्शावर येते. मातीतल्या वाटा काही सरळ नळ्या नसतात, तरी तत्त्व हेच लागू पडते. म्हणून 1.25 ची माती 1.50 झाली तर निचरा पाचव्या हिश्शाने कमी होत नाही, तो कित्येक पटींनी मंदावतो. ऑगस्टच्या झडीत एकाच रानात काही पट्टे दोन दिवसांत मोकळे होतात आणि काही आठवडाभर चमकत राहतात, त्याचे कारण बहुतेकदा इथेच सापडते.

पाणी साचले की मातीतल्या जीवाणूंना प्राणवायू मिळेनासा होतो. पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो, त्यामुळे वरून भरपाई होत नाही. मग काही जीवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि त्यातला नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. ऊस पिवळा पडतो. पिवळा पडला म्हणून युरियाचा आणखी एक हप्ता पडतो, आणि साचलेल्या रानात त्यातलाही काही त्याच मार्गाने जातो. चाकोरीचे नुकसान खताच्या बिलात असे दिसते, पण त्याच्यावर चाकोरीचे नाव लिहिलेले नसते.

आता मुळांकडे येऊ. मूळ वाढते ते टोकाच्या मागच्या अगदी छोट्या भागात. तिथल्या पेशी पाणी शोषून ताणल्या जातात आणि टोक पुढे ढकलले जाते. टोकावर एक टोपी असते, ती बुळबुळीत रस सोडून घर्षण कमी करते. मागचे केशमूळ मातीला घट्ट धरून ठेवते, नाहीतर मूळ पुढे जाण्याऐवजी मागेच सरकेल. एवढी सगळी योजना असूनही मूळ स्वतःपेक्षा बारीक, ताठ छिद्रात शिरू शकत नाही, स्वतःला दोऱ्यासारखे बारीक करणे त्याला जमत नाही. त्याला एकतर मोठी वाट सापडावी लागते किंवा माती बाजूला सारावी लागते. माती सारण्याची त्याची ताकद बहुतेक पिकांत 1 मेगापास्कलच्या आत-बाहेर संपते, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दहा किलो वजनाएवढा जोर.

दाबलेल्या थराला भिडलेले मूळ जाड होते, आखूड होते आणि आडवे वळते. पूर्वी समजूत अशी होती की त्याची ताकदच संपते. 2021 मध्ये सायन्स या नियतकालिकात नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेले संशोधन प्रसिद्ध झाले आणि या समजुतीला वेगळे वळण मिळाले. मूळ इथिलीन हा वायू सतत थोडा थोडा सोडते. भुसभुशीत मातीत तो निघून जातो. दाबलेल्या मातीत हवेच्या वाटाच नसल्याने तो मुळाभोवतीच कोंडतो, आणि तोच मुळाला थांबण्याची खूण देतो. इथिलीनची ही खूण न कळणारी भाताची रोपे दाबलेल्या मातीत घेतली, तेव्हा त्यांची मुळे कठीण थरात नेहमीच्या रोपांपेक्षा खोल गेली. म्हणजे मूळ हरते इतकेच नाही, हवा कोंडल्याची चाहूल लागल्यावर ते आपण होऊन आवरते घेते. माझ्या मते या साऱ्या विषयातला हा सर्वांत नवलाचा शोध आहे, कारण त्यामुळे मुळांचा प्रश्न आणि निचऱ्याचा प्रश्न दोन राहत नाहीत. दोघांचे दुखणे मोठ्या पोकळ्या गेल्याचेच आहे.

मुळाला काय जाणवते याचा झटपट अंदाज घ्यायला पेनिट्रोमीटर वापरतात. टोकाला शंकूच्या आकाराचे पोलाद बसवलेली सळई, वर दाब दाखवणारी तबकडी. सळई हळू, एकाच वेगाने जमिनीत दाबत न्यायची आणि खोलीगणिक आकडा वाचायचा. 2 मेगापास्कलच्या वर काटा गेला की बहुतेक पिकांची मुळे अडखळतात असे धरतात. लहान शंकूचा पाया साधारण 13 मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे 2 मेगापास्कल गाठायला सळईवर सव्वीस किलोच्या आसपास भार टाकावा लागतो. मूळ 1 मेगापास्कललाच थकते, तर मर्यादा 2 ची का? कारण पोलादी शंकू सरळच जातो, भेगेला वळसा घालत नाही आणि त्याला बुळबुळीत रसही नसतो. त्याला मुळापेक्षा कितीतरी जास्त विरोध होतो.

हे उपकरण हाताळायला सोपे, म्हणूनच फसवे. कोरडी काळी माती उन्हाळ्यात विटेसारखी होते, तिच्यात कुठेही सळई घातली तरी काटा टोकाला जातो. त्यावरून रान दाबले गेले आहे असे म्हणणे चूक. चांगले पाणी होऊन निचरा झालेल्या, वाफशावर आलेल्या रानातच हे मोजमाप अर्थाचे ठरते, आणि तेही चाकोरीतले आणि चाकोरीबाहेरचे एकाच दिवशी घेतले तर.

काळ्या जमिनीत कड्याचे मोजमापही असेच जपून वाचावे लागते. ही माती ओलीने फुगते आणि वाळली की आकसते. तेच ढेकूळ ओले असताना कमी घनतेचे आणि सुकल्यावर जास्त घनतेचे निघते, मध्ये चाक गेलेले नसले तरी. भेगा पडलेल्या रानात कडे भेगेवर बसले तर आकडा एकदम खाली येतो. अशा वेळी प्रयोगशाळेत दुसरी रीत वापरतात. ढेकळाला दोरा बांधून ते वितळलेल्या मेणात बुडवतात आणि हवेत व पाण्यात असे दोनदा तोलतात. वजनांतल्या फरकावरून मेणासकट आकारमान कळते, त्यातून मेणाचे वजा करतात. ढेकळाच्या आकड्यात दोन ढेकळांमधल्या भेगा येत नाहीत, म्हणून तो कड्याच्या आकड्यापेक्षा चढाच असतो. दोन रीतींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

पुस्तकातल्या मर्यादाही जमिनीगणिक वेगळ्या असतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रसिद्ध तक्त्यानुसार भारी चिकणमातीत 1.1 च्या आत उत्तम, 1.4 जवळ मुळांना त्रास सुरू, आणि 1.47 च्या पुढे वाढ अडलीच. वाळूसर जमिनीत मात्र 1.6 पर्यंत काहीच तक्रार नसते आणि अडचण 1.8 च्या पुढे येते. म्हणून नदीकाठच्या वाळूसर रानात 1.5 हा आकडा चांगला आणि काळ्या रानात धोक्याचा. शेजाऱ्याच्या आकड्याशी नव्हे, आपल्याच रानातल्या चाक न गेलेल्या जागेशी तुलना केली तर ती सहसा फसत नाही.

दाब कधी पडतो, याचे उत्तर रस्ते बांधणाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या आधी शोधले. 1933 मध्ये लॉस एंजेलिसचे अभियंता राल्फ प्रॉक्टर यांनी धरणाच्या भरावासाठी माती कुटून पाहिली. अगदी कोरडी माती नीट दबत नाही, कारण कण एकमेकांवर घासतात. पाण्याने पूर्ण भरलेलीही दबत नाही, कारण पाणी दबत नाही. मध्ये एक ओलावा असा असतो की तेव्हा तीच माती सर्वांत घट्ट बसते. धरणाला हाच ओलावा हवा. शेतीची पंचाईत अशी की हा ओलावा वाफशाच्या फार जवळ असतो. कुळव चालवायला जी वेळ उत्तम, तीच जड चाकाखाली माती सर्वांत घट्ट होण्याची. आणि वाफशाच्या पुढे, चिखलात गेले तर माती दबण्याऐवजी चाकाखाली घोटली जाते, वाटांची तोंडे लिंपली जातात. कोकणात भाताच्या खाचरात चिखलणी करतात ती मुद्दाम हेच साधायला, म्हणजे पाणी खाली मुरू नये. भाताला ते हवे असते, उसाला नको.

ट्रॉलीचे टायर रस्त्यासाठी कडक फुगवलेले असतात, त्यामुळे वरच्या मातीवर त्यांचा दाब ट्रॅक्टरच्या मागच्या रुंद टायरपेक्षा बराच जास्त येतो. पण दाब किती खोल जाईल, हे हवेपेक्षा आसावर एकूण किती टन आहे यावर ठरते. टायर रुंद केले, हवा कमी केली, तर वरचा थर वाचतो. भरलेल्या ट्रॉलीचे टन कमी होत नाहीत, म्हणून खालचा थर वाचत नाही. बहुतांश नुकसान पहिल्याच फेरीत होते, पुढच्या फेऱ्या त्यात थोडी भर घालतात. म्हणून सगळ्या रानात एकेकदा फिरण्यापेक्षा एकाच वाटेने दहादा जाणे कमी वाईट.

काळी जमीन आपली आपण दुरुस्त होते, असे जुने लोक सांगतात आणि ते खरे आहे. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाने पुन्हा फुगते, दाबलेला थर असा वर्षा-दोन वर्षांत फुटत जातो. पण बागायती उसात रान वर्षभर ओलेच राहते. लावण, मग खोडवा, मग आणखी एक खोडवा, मध्ये खोल भेगा पडायला उसंतच मिळत नाही. दुरुस्ती जिने व्हायची ती भेगच पाण्याने बंद ठेवली जाते.

मग सबसॉयलर चालवतात. खालचा थर खरोखर दाबलेला असेल आणि माती कोरडी असेल, तर पोलादी पाता तो थर तडकवतो. ओल्या मातीत तोच पाता लोण्यात सुरी फिरावी तसा फक्त एक चीर पाडून जातो. क्षारपड जमिनीत घट्टपणाचे कारण चाक नसून सोडियम असतो. तिथे कण पाण्यात विरघळल्यासारखे सुटतात आणि छिद्रे बुजवतात, त्याला आधी जिप्सम आणि निचरा लागतो. शिरोळ, मिरज, वाळवा या भागांत क्षारपड रानांत भूमिगत निचऱ्याचे पाइप टाकले जातात. त्यांच्यावर दाबलेला थर राहिला तर पाणी पाइपापर्यंत उतरत नाही आणि दोष पाइपाला लागतो. फोडलेल्या थरावर पुढच्या हंगामात भरलेली ट्रॉली गेली, तर तो पुन्हा बसतो, अनेकदा आधीपेक्षा घट्ट. डिझेलचा खर्च मात्र परत येत नाही.

तेव्हा सबसॉयलर सांगण्याआधी रानात दोन खड्डे घ्या, एक चाकोरीवर, एक बाजूला, आणि वाफशावर घ्या. मुळे वीतभर खोलीवर आडवी वळलेली दिसली, ढेकळे पापुद्र्यांसारखी सपाट सुटली, तर कडी घेऊन घनता मोजा. पापुद्रे नाहीत, मुळे सरळ खाली गेलेली आहेत, तर घट्टपणाचा संशय सोडा आणि पिवळेपणाचे कारण दुसरीकडे शोधा. आणि ऊस तोडणीला येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी भारी रानाचे पाणी बंद करा. गाडीवानाला वाट आखून द्या, आणि जमेल तिथे मोळ्या बांधावर आणून ट्रॉली बांधाशीच भरायला लावा.